माधवीचं पत्र आणि महारुद्रची शाल

बोरीतल्या त्या माती तपासणी प्रयोगशाळेला दोन संस्थापक आहेत, हे पाटी वाचली तरच कळायचं. आत गेल्यावर एकच दिसायची. माधवी, मृदाशास्त्रात एमएस्सी, चाळणीवर वाकलेली. दुसरा संस्थापक महारुद्र. तो कॉलेजात तिच्या वर्गात होता. बीएस्सीनंतर त्याला ज्ञानाची गरज उरली नाही. त्याच्या कार्डावर ‘मुख्य मृदातज्ज्ञ’ असं छापलेलं होतं, आणि शेजारी फोटो. बहुधा मातीला ओळख पटावी म्हणून.

सुरुवातीला चहावर ठरलं होतं की गावोगावचे नमुने तो आणेल, तपासणी ती करेल. कागदावर काही लिहिलं नव्हतं. पुढं महारुद्र ‘फिल्डवर’ राहू लागला. फिल्ड म्हणजे कुणाचातरी सत्कार. सत्कार नसेल त्या दिवशी तो हॉटेलाच्या बाकड्यावर बसून शेतकऱ्याची माती तळहातावर चोळायचा आणि खताचं प्रमाण सांगून मोकळा व्हायचा. मग लोक माधवीकडे यायचे. “ताई, सायेबांनी दोन पोती सांगितल्यात अन् तुमचा कागद एकच म्हणतोय. खरं कुणाचं?”

कागदाखाली सही माधवीची असायची.

गेल्या महिन्यात एका नमुन्यात स्फुरद इतकं निघालं की बोरीच्या काळ्या रानाला स्वतःचीच लाज वाटावी. तिनं दोनदा तपासलं, मग नमुना ज्यातून आला ते पोतं उलटं केलं. तळाशी डीएपीचे, म्हणजे स्फुरदाच्याच खताचे दाणे. “सायेबच म्हणले, आणा कशातबी,” शेतकरी म्हणाला. तिनं अहवाल थांबवला आणि मनाशी ठरवलं, की आणखी एक नमुना असा आत आला तर आपलं नाव पाटीवरून काढायचं. त्याआधी एकदा महारुद्रला लिहून बघायचं.

पहिल्या मसुद्यात ‘बिनकामाचा’ हा शब्द चारदा आला. तिनं तो फाडला. दुसऱ्यात एकदाच आला, पण अधोरेखित. तिसरा मात्र थंड डोक्यानं लिहिला:

‘महारुद्र, गेल्या महिन्यात एकशे बेचाळीस नमुने आले. त्यातले तू नऊ आणलेस. बाकीच्यांची नोंद, वाळवणं, चाळणं, तपासणी आणि शेतकऱ्यांचे फोन हे सगळं माझ्याकडे होतं. तू दिलेला सल्ला आणि माझा अहवाल अकरा वेळा जुळला नाही. हे भांडण नाही. कुणाचं काम कोणतं, हे आपण कधी लिहिलंच नाही, ती चूक दोघांची. माझं म्हणणं असं: नमुना घेणं, शेतकऱ्याला पद्धत शिकवणं आणि चुकीचा नमुना परत पाठवणं तुझ्याकडे. तपासणी, अहवाल आणि खताचा सल्ला माझ्याकडे. महिनाभर करून बघू. तुला यात काय बदलायचंय ते सोमवारी सांग.’

उत्तरादाखल फोनवर जोडलेले हात आले. तीन जोड्या.

सोमवारी महारुद्र शाल आणि नारळ घेऊन हजर. तक्रार आली की सत्कार करायचा, एवढी एकच कार्यपद्धती त्याला येत होती. “लय भारी लिहिलंस, माधवी. तुझ्या कामाची कदर व्हायलाच पाहिजे. उभी राहा, फोटो घेऊ.”

“शाल तिकडं ठेव. कागद वाचलास का?”

“वाचायलोय की.”

“अजून?”

तेवढ्यात दत्तराव आत आले. महारुद्रचे सख्खे काका. खांद्यावर डीएपीचं पोतं, त्यात बांधावरची ओंजळभर माती. “ताई, घ्या बरं लवकर. आपल्या माणसाचं हाय.”

माधवीनं पत्र पुढं सरकवलं आणि ‘परत पाठवणं’ या शब्दांवर पेन ठेवला. पाटीवरून नाव काढायला स्टूल कुठलं घ्यायचं, याचाही विचार तिच्या डोक्यात येऊन गेला.

महारुद्रनं पोत्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं, शेवटी पेनाकडं. सत्कारात हा प्रसंग कधी येत नाही. “काका,” तो म्हणाला, “हे चालत न्हाई. खताचं पोतं हाय.”

“तूच तर म्हणला होतास, कशातबी आणा!”

“म्हणलो होतो. चुकलं.” आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारल्यासारखा तो शब्द जिभेवर अडखळला. “चला, मी येतो रानात.”

दारातून तो परत वळला. “कार्डावरचं ‘मुख्य मृदातज्ज्ञ’ तेवढं राहू दे की.”

“आहेत ती संपेपर्यंत.”

त्यानं हजार छापली होती.

दुपारी तो आला. शर्ट अंगाला चिकटलेला, नखांत माती. नऊ ठिकाणी खड्डे घेऊन, माती मिसळून, अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत आणलेली. चिठ्ठीवर गट क्रमांक, तारीख आणि स्वतःचं पद, पूर्ण लांबीचं. माधवीनं माती सावलीत कागदावर पसरली, नोंदवही उघडली आणि ‘नमुना घेणारा’ या रकान्यात नुसतं ‘महारुद्र’ लिहिलं. मग दुसरी ओळ तशीच आखून मोकळी ठेवली आणि वही त्याच्यापुढं सरकवली.

“उद्याचा नमुना कुठला?” तिनं विचारलं.