पाव फेरा

मद्रासमधल्या गिंडीच्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात माहितीपत्रकं तयार करायची तर त्रिपुरसुंदरीनंच, असं ठरूनच गेलं होतं. तंजावरी मराठी घरातली, सैदापेठेत आईबरोबर राहणारी ही अविवाहित बाई. तिच्या अक्षरावर चंद्रमौळीराव साहेब खूश असत. मग पुण्याहून जयवंती आली.

जयवंतीचं मराठी स्वच्छ, घासूनपुसून ठेवल्यासारखं. साहेब स्वतः तंजावरचे, तरी तिच्याशी बोलताना जपून शब्द निवडू लागले. सुंदरीला ते ऐकवेना. त्यातच तीन हॉर्सपॉवरच्या पंपाच्या मोटारीचं जुनं पत्रक नव्यानं छापायचं काम त्यांनी जयवंतीला दिलं. ते पत्रक सुंदरीनं केलेलं होतं. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

कच्चा कागद टेबलावर पडला होता. सुंदरीनं तो वाचला आणि तिचे डोळे चमकले. पूर्ण भारावरचा वेग जयवंतीनं मिनिटाला १४२५ फेरे लिहिला होता. सुंदरीच्या स्वतःच्या जुन्या पत्रकात १४४० होते!

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. जयवंती तिथंच उभी होती. बरंच झालं, सुंदरीच्या मनात आलं.

"राव, हे असंच छापलं तर गिऱ्हाईक हसेल आपल्याला."

चंद्रमौळींनी चाचणी-खात्याचा कागद मागवला. त्या खात्याचं यंत्र फेरे सेकंदाच्या हिशेबानं दाखवी. कागदावर आकडा होता २३.७५.

"साठानं गुणा," ते म्हणाले.

सुंदरीनं गुणलं. उत्तर १४२५ आलं. तिनं पुन्हा गुणलं. तेच.

"मग चौदाशे चाळीस कुठून आले?" रावांनी विचारलं.

तिला आठवलं. आकडा सुटसुटीत व्हावा म्हणून तिनं २३.७५ चे आधी २४ केले होते आणि मग साठानं गुणलं होतं. सेकंदाला पाव फेरा वाढवला, तर मिनिटाला पंधरा फेरे वाढले.

"आधी गुणायचं, मग हवं तर आकडा सोपा करायचा," राव शांतपणे म्हणाले. "जुनी पत्रकं परत मागवावी लागतील."

जयवंती हळूच म्हणाली, "अक्का, मला दिसलं होतं. तुम्हाला एकटीला सांगणार होते."

ती हसली असती तर सुंदरीला सोसलं असतं. ही माया मात्र तिला जिव्हारी लागली. "मला कशाला सांगतेस? लिही तुझं," एवढंच ती पुटपुटली.

त्या दिवसापासून रावांनी नियम घातला: एकीनं केलेला हिशेब दुसरीनं तपासायचा. दोघींची टेबलं जोडली गेली. सुंदरी जयवंतीचा प्रत्येक आकडा चूक सापडावी म्हणून तपासी, आणि म्हणूनच त्या कारखान्याच्या पत्रकात पुढं चूक राहिली नाही. जयवंतीचं लग्न ठरलं, ती मुंबईला निघाली, तेव्हा सगळ्यांनी तिला मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा दिल्या. सुंदरीनं काहीच दिलं नाही. पण जयवंतीच्या जागी दुसरी मुलगी बसवायची म्हटल्यावर ती रावांना म्हणाली, "तिला हिशेब येतो का, ते मी बघते आधी. जयवंतीइतका येणार नाहीच."