घरात बोलता तसं लिहा

नव्या पनवेलमधल्या आमच्या स्वयंपाकघरात मोठा ओव्हन आला तेव्हा मला वाटलं होतं, केक चांगला झाला की बाकी सगळं आपोआप होतं. कसलं आपोआप! लोक केक खातात, 'मस्त झाला हं ताई' म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. नकाशाच्या ॲपवर माझ्या बेकरीचं पान होतं. तिथे एक तारा नव्हता की एक ओळ नव्हती.

त्याचं मला काही वाटतही नव्हतं. मग शिरढोणहून एका बाईंचा फोन आला. मुलीचा साखरपुडा होता आणि तीन मजली केक हवा होता. तोवर माझी मजल वाढदिवसाच्या केकपलीकडे गेली नव्हती. सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा केक आमी कधी खाल्ला नाय. लोकांनी काय लिवलंय ते बगते नि रविवारी सांगते."

ही ऑर्डर मला हवीच होती. नोकरी सोडली होती आणि हे माझं काम आहे की नुसती हौस, असं घरात कुणी विचारत नसलं तरी मीच मला रोज विचारत होते. साखरपुड्याचा केक म्हणजे त्याचं उत्तर, असं मी ठरवून टाकलं.

गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून मी त्यांना सगळं आयतंच दिलं. पानाची लिंक पाठवली आणि खाली झकास इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. चव अप्रतिम, केक वेळेवर, नक्की मागवा. त्याखाली सूचना, 'फक्त कॉपी करून चिकटवा.' एका झटक्यात सगळ्यांना धाडलं आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होऊन चहा टाकला.

संध्याकाळपर्यंत तिघींनी चिकटवलं. तिन्ही अभिप्राय अगदी सारखे, उद्गारचिन्हांसकट. एकीने तर 'फक्त कॉपी करून चिकटवा' हेही चिकटवलं होतं. नवरा हसून लोळायचा बाकी होता. मला त्याचा असा संताप आला की त्या दिवशी त्याला चहाही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शिरढोणचा फोन. "ताई, हे तुमीच लिवलंय काय?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात नुसती शंका होती. मी लिहिल्याचं कबूल केलं आणि तिघींनी केक खरंच खाल्लेत, हेही सांगितलं. "बगू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मी कोन गावच्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक मावशींना फोन लावला. त्यांच्या नातवाचे सगळे वाढदिवस माझ्याच केकवर झालेले. त्यांनी काहीच कसं लिहिलं नाही?

"त्या इंग्रजीत काय लिवलंय तेच समजलं नाय," मावशी म्हणाल्या. "भलतंच कायतरी आपल्या नावावर कशाला टाकू?"

"मग मराठीत लिहा की."

"मराठी चालतंय तितं?"

मी कपाळावर हात मारला. मी लिहिणं सोपं केलंच नव्हतं, लिहिण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. नवा मेसेज केला, 'आमचा कुठला केक नेला होता, कशासाठी, आणि कसा लागला? खालच्या लिंकवर दोन ओळी लिहाल का? घरात बोलता तसं लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा. नाही जमलं तरी राग नाही.' या वेळी एकेकीला नावाने पाठवला. त्या तिघींना आपला जुना मजकूर बदलायची विनंती केली.

आणि ओळी यायला लागल्या! मावशींनी लिहिलं, 'नातवाला दुसरीकडचा केक चालत नाय.' बाजारातल्या कापड दुकानाच्या मालकीणबाईंनी लिहिलं, 'ईदला नेला होता. अम्मींना दात नाहीत, तरी दोनदा मागून घेतला, माशाल्ला.' वाचताना माझा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात आणखी एक ओळ आली, 'चॉकलेट केक मुलांना कडू लागला. मोठ्यांनीच संपवला.' तारे तीन. हे मला पुसता येणार नव्हतं. 'कळवलंत ते बरं झालं, पुढच्या वेळी मुलांसाठी कोको कमी घालीन,' असं खाली उत्तर लिहिलं आणि साखरपुडा गेला असं समजून भांडी घासायला घेतली.

रविवारी फोन वाजला तेव्हा उचलायचा धीर होईना. शेवटी उचलला.

"ताई, तो कडूवाला वाचला," शिरढोणच्या बाई म्हणाल्या. "आवडलं नाय ते पन लिवलंय, म्हंजे बाकीच्या बायका खरं बोलतात. आमचा केक तुमीच करा. चॉकलेट नको तेवडं."

मी ओट्याला टेकले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि इतकं हलकं वाटलं, की व्हॅनिला की पायनॅपल हे विचारायचंही राहून गेलं.

"नि आमाला पन ती लिंक पाठवा हां," त्या पुढे म्हणाल्या. "नाय आवडला तर तसंच लिवीन."

"लिहा की," मी म्हटलं, आणि मला त्याची जराही भीती वाटली नाही.