बाबांची शेवटची मुदतवाढ

कार्डाच्या तक्रारी निस्तरणं हे माझं पोटापाण्याचं काम. गुरुग्रामला एका बँकेच्या उंच इमारतीत बसून मी दिवसभर लोकांची गाऱ्हाणी वाचते. सामान आलं नाही, हॉटेलवाल्याने दोनदा पैसे कापले, जिमवाला पळाला. पण घरच्या भानगडीची वेळ आली तेव्हा ती आली बाबांकडून, आणि कार्डही दुसऱ्याच बँकेचं. म्हणजे माझी खुर्ची काहीच कामाची नव्हती.

बाबा दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयातून निवृत्त झालेले. आयुष्य आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि फायलींवर शेरे मारण्यात गेलं. आता आम्ही दिल्लीतच, द्वारकेला सोसायटीत राहतो. आईला दोन वर्षांपासून ऐकायला कमी येतं. आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलतो, आणि ओरडून प्रेमाचं बोलता येत नाही, हे मला त्या काळात कळलं. बाबांनी कुणालाही न विचारता, आईला चकित करायचं म्हणून, एका वेबसाइटवर तिच्यासाठी कानाची मशीनं बुक केली. पूर्ण पैसे क्रेडिट कार्डावर. पंधरवड्यात माणूस घरी येऊन मशीन बसवून देईल, असं लेखी वचन.

माणूस आला नाही. फोन मात्र यायचे, "सर, थोडा टाइम और दीजिए." आणि बाबा प्रत्येक वेळी ई-मेलने उत्तर द्यायचे. मग फोनही बंद झाले, आणि प्रकरण आमच्यासमोर आलं.

पुण्याहून भावाने व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं, "बाबांचं कार्ड बंद कर. या वयात ऑनलाइन कशाला? तूच ठेव सगळं."

बाबा स्क्रीनसमोरच बसले होते. मला भावाचा संताप आला, पण खरं सांगायचं तर मनात माझ्याही तेच होतं.

संध्याकाळी पार्कातून ते एक सल्ला घेऊन आले. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले होते, "सीधा बोलो, ये ट्रान्झॅक्शन मैंने किया ही नहीं. हैक हो गया. बँक तुरंत पैसा दे देगा."

"बिल्कुल नाही!" मी चहाचा कप आपटलाच. "ओटीपी तुमच्या फोनवर आला, तुम्हीच घातलात. बँकेला ते एका मिनिटात दिसतं. तक्रार फेटाळतील, कार्ड ब्लॉक होईल आणि वेळ जाईल तो वेगळाच. व्यवहार तुम्ही केलात. वस्तू मिळाली नाही, एवढीच तक्रार आहे. जे झालं तेच सांगायचं."

"म्हणजे खोटं नको," बाबा म्हणाले. त्यांना बरंच वाटलं असावं.

मग मी त्यांना चार्जबॅक समजावून सांगितला. तुमची बँक दुकानाच्या, म्हणजे त्या वेबसाइटवाल्यांच्या, बँकेकडून पैसे मागे ओढते, कार्ड कंपनीच्या नियमांनुसार. पण हे दान नाही, दावा आहे. दुकानाला आपली बाजू मांडायची संधी मिळते. आधी दुकानाकडे रिफंड मागायचा, तोही लेखी. ते दाद देत नसतील तर लगेच बँकेत जायचं, कारण या दाव्यालाही मुदत असते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फाइल तयार ठेवली. टॅग, फ्लॅग, अनुक्रमणिका, वर लाल शाईत 'तातडीचे'. आत आईच्या कानाची तपासणी, कंपनीचं रंगीत माहितीपत्रक, आणि आपण आयुष्यात कधीही कुणाचे पैसे बुडवले नाहीत असं तीन पानी निवेदन. ते निवेदन वाचून मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

"बाबा, माझ्यासारखी कुणीतरी बाई हे बघणार. तिच्यापुढे अशा शंभर तक्रारी असतात. तिला तुमचं चारित्र्य नको, तारीख हवी. काय विकत घेतलं, कधी मिळणार होतं, मिळालं नाही म्हणून तुम्ही कधी कळवलंत आणि ते काय म्हणाले. बस."

ऑर्डरची पावती ठेवली. रिफंड मागणारा मेल माझ्यासमोर लिहून घेतला. चार दिवस त्याला उत्तर आलं नाही, मग तोही जोडला. मग बाबांनी त्या फोनांना ई-मेलने दिलेल्या उत्तरांची चळत हाती आली. पहिलाच उघडला: 'आपली विनंती सहानुभूतीने विचारात घेऊन मुदत वाढवून देण्यात येत आहे.' दुसराही तसाच. माझं डोकं सणकलं.

"हे कुणी सांगितलं होतं द्यायला? तुम्ही अजून खुर्चीवर आहात का? चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या!"

ती चळत मी बाजूला सारली. पुढचं वाचलंच नाही. तक्रार बँकेकडे गेली, आणि काही दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा केली. मी बजावलं होतं की हे पक्के पैसे नव्हेत. तरी बाबांनी पेढे आणले.

आणि मग दुकानाने उत्तर दिलं. तात्पुरती रक्कम परत कापली गेली. मेसेज बाबांच्याच फोनवर आला. ते माझ्या खोलीत आले, पाकिटातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "तुझा भाऊ बरोबर म्हणत होता. ठेव तू."

मला इतकं वाईट वाटलं की मी कार्डाला हातही लावला नाही. दुकानाने काय कागद दिलेत ते बँकेने पाठवलेच होते, आणि आमचं म्हणणं मागितलं होतं. मी ते वाचायला बसले. अपेक्षेप्रमाणे बाबांच्या मुदतवाढी, पुरावा म्हणून: ग्राहकाने थांबायचं कबूल केलं होतं. पहिली, दुसरी. मग तिसरी, जी मी उघडलीच नव्हती. तिच्या शेवटी, आयुष्यभर ठेकेदारांना लिहीत आले तसं, बाबांनी लिहिलं होतं: 'ही अंतिम मुदतवाढ. या तारखेपर्यंत मशीन न बसवल्यास ऑर्डर रद्द समजावी व संपूर्ण रक्कम परत करावी.' आणि खाली दुकानाचं एका ओळीचं उत्तर, 'ओके सर, मंजूर.'

दुकानदाराने स्वतःच्या हाताने हे बँकेला दिलं होतं. बहुधा त्यानेही पहिले दोनच वाचले.

"बाबा!" मी ओरडले, "हे तुम्ही लिहिलंत?"

"अर्थात. अट नसेल तर मुदतवाढ कसली?"

आम्ही अर्ध्या पानाचं उत्तर लिहिलं. शेवटची ठरलेली तारीख, त्यावर दुकानाचा होकार, त्यानंतरही मशीन नाही, रिफंडच्या मेलला उत्तर नाही. बँकेने प्रकरण पुढच्या पायरीवर नेलं, आणि दुकानाच्या बँकेने माघार घेतली. या वेळी पैसे जमा झाले ते राहिले. पेढे मीच आणले.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं मेट्रोने दोन स्टेशनं पलीकडच्या एका दुकानात गेलो. खरं दुकान, खरी खुर्ची. तिथल्या मुलीने आईच्या कानात मशीनं बसवली, आवाज कमीजास्त केला. आई नुसती इकडेतिकडे बघत होती. बाबा काउंटरवर गेले. सवयीने मी हात पुढे केला. म्हटलं, द्या, मी करते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कार्ड मशीनमध्ये घातलं, दुसऱ्या हाताचा आडोसा केला, माझ्यापासूनच, आणि हळूहळू पिन दाबला. मी निमूट तोंड फिरवलं.

कार्डाचं मशीन बारीकसं वाजलं.

"अहो," मागच्या खुर्चीतून आई म्हणाली, अगदी हळू, "झालं का पेमेंट?"