ड्रॉचा भाव

ह्यूस्टनला शिकत असताना आम्ही रूममेट टेस्ट मॅचवर भांडी घासण्याच्या पाळ्यांची पैज लावायचो. ड्रॉचा भाव मीच ठरवायचो, कारण बाकीच्यांना गणित कुठे येत होतं!

ऐंशीच्या दशकातली इंग्लंडमधली एक टेस्ट. शेवटच्या दिवशी ऐंशी षटकांत जिंकायला दोनशे चाळीस धावा हव्या होत्या, म्हणजे षटकामागे तीन. शॉर्टवेव्हवर पावसाचा अंदाज ऐकून मी तीस षटकं वजा केली. आता षटकामागे जवळजवळ पाच! कोण मारणार? ड्रॉ नाही म्हणणाऱ्याला मी एकास चार पाळ्या देऊ केल्या. नागपूरच्या रूममेटने लगेच एक लावली.

पाऊस बरोब्बर तीस षटकं खाऊन गेला. उरलेल्या पन्नासात दहाही विकेट पडल्या.

चारही पाळ्यांची भांडी मी घासली. पण पावसाचा अंदाज माझाच बरोबर होता.