लिंकवर आलेला हाराचा फोटो

घरचे मालक वारले तेव्हा मुलगा नववीत होता. ते कामाला होते त्या कंपनीला टाळं त्याच्याआधीच लागलेलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी शेण गोळा करण्यात गेलेली. नोकरी कोण देणार? मग मसाला धरला. बाळकुमच्या चाळीसमोर मिरच्या वाळत टाकायच्या, देठं खुडायची, धणे-खोबरं भाजायचं आणि सगळं डोक्यावर घेऊन डंकाच्या गिरणीत कुटायला न्यायचं. रात्री हातांची अशी आग व्हायची की पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायची मी. त्याच मसाल्यावर मुलगा शिकला. याचं कौतुक नको कुणाला. दुसरा रस्ता नव्हता, म्हणून केलं.

गिऱ्हाईक दारात यायचं तेव्हा. अमकीचा मसाला म्हणून मला नावाने ओळखायचे. मग चाळ गेली, टॉवर आला. त्यात आम्हालाही वरती दोन खोल्या मिळाल्या. पण दार गेलं ना. आजूबाजूचे सगळे कॉम्प्लेक्स, प्रत्येकाला गेट, गेटवर वॉचमन. पिशवी घेऊन गेले तर तो विचारणार, कुठल्या फ्लॅटला, त्यांना फोन करा. मी कुणाला फोन करू? मला कोण ओळखतंय तिथे?

गेल्या उन्हाळ्यात मसाला भाजताना शेजारच्या बाईला ठसका लागला. तिने सेक्रेटरीकडे तक्रार केली. ते मुलाला बोलले, आणि मुलगा मला. तो ओरडत नाही कधी, हळूच बोलतो, ते जास्त लागतं. म्हणाला, "आई, आता झालाय तेवढा मसाला विकून दाखव. घरात पडून राहिला तर पुढच्या वर्षी बंद. मला रोज कुणाचं ऐकून घ्यायला वेळ नाही."

हॉलमध्ये भिंतीला लागून डब्यांची रांग उभी होती. मी ते डबे मोजले.

सून घोडबंदर रोडला एका ऑफिसात वेबसाईटचं काम करते. लोकांची दुकानं, दवाखाने, क्लास, सगळ्यांची पानं बनवून देते. ती म्हणाली, आई, तुमच्या मसाल्याचं एक पान बनवते, कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर लिंक टाकू. त्या ग्रुपांचा नियम असा की धंद्याचा मेसेज फक्त रविवारी टाकायचा, आणि एकाने एकच लिंक टाकायची. दुसरी टाकली की काढून टाकतात. म्हणजे आठवड्याला एकदाच दार उघडणार.

पान छान झालं होतं. मला कॉम्प्युटरवर दाखवलं तिने. वरती माझा फोटो, खाली मसाल्याचे, त्याच्याखाली कसा बनवतो ते, आणि ऑर्डरचं बटण. फोटो महिला मंडळाच्या कार्यक्रमातला. कष्टकरी बायकांचा सत्कार होता, तेव्हा मला शाल, नारळ देऊन गळ्यात हार घातलेला. विधवा बाईला एरवी कोण हार घालतं? मी तो घरी येईपर्यंत काढला नव्हता. माझा धड म्हणावा असा तेवढा एकच फोटो. सुनेने विचारलं, वरती नाव काय देऊ? मी म्हटलं, माझंच दे, लोक नावानेच मागतात.

रविवारी सकाळी तिने चार-पाच ग्रुपांवर लिंक टाकली. मुलाने आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकली. मी आंघोळ करून, केस विंचरून बसले. पहिलं गिऱ्हाईक आता दारातच येतंय की काय, अशी बसलेली.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. जुन्या चाळीतली शेजारीण, आता पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहते. पांढरी साडी नेसून, हातात फुलांची पुडी. मी दार उघडलं तर तिने मागे भिंत धरली. मग खालीच बसली आणि रडायला लागली. मला वाटलं तिच्याच घरात काही झालं. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. तेव्हा ती म्हणाली, "अगं बये, तू जिवंत आहेस? ग्रुपवर तर तुझा हार घातलेला फोटो आलाय."

मुलाने मोबाईल काढून बघितला. लिंकच्या वर एक चौकोनी चित्र. त्यात फक्त माझं तोंड आणि गळ्यात हार. शाल कापली गेलेली, नारळ कापला गेलेला, मागचा मंडळाचा बॅनरही गेलेला. चित्राच्या खाली जाड अक्षरात, श्रीमती आणि माझं नाव. बस्स. मसाला हा शब्द कुठेच नाही. आणि त्याच्याखाली लोकांनी हात जोडलेले. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. एका कॉम्प्लेक्सवाल्याने, जो मला ओळखतही नाही, लिहिलेलं, फार प्रेमळ व्यक्तिमत्त्व होतं. लिंक कुणी उघडलीच नाही. मयताची लिंक कोण उघडतंय?

सून डोक्याला हात लावून बसली. तिने मग मला समजावलं, जसं मला कळलं तसं सांगते. लिंक कुठे टाकली की मोबाईल आधी त्या पानावर जाऊन येतो. पानाच्या डोक्यात, आपल्याला दिसत नाही अशा जागी, लिहून ठेवायचं असतं की माझी लिंक गेली तर हे नाव दाखवा, ही एक ओळ दाखवा, हा फोटो दाखवा. ते मुद्दाम लिहिलं नाही, तर पान ज्या वेबसाईटवर बनवलं ती आपल्या मनाने भरते. पानाचं नाव आणि पानावरचा पहिला फोटो. तसंच झालं. फोटो आडवा होता, मोबाईलने मधला चौकोन तेवढा ठेवला. ऑफिसात गिऱ्हाइकाचं काम असलं की ती आधी स्वतःच्याच नंबरवर लिंक पाठवून बघते. घरच्या कामाला तेवढा वेळ मिळाला नाही.

"ऑफिसात अशी चूक केली असती तर काढून टाकलं असतं मला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "घरातून कोण काढतंय तुला. उठ, नीट कर."

तिने आणि मुलाने आपले मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केले. पण तोवर लोकांनी पुढे ढकललेले. ते तिच्या हातात नव्हतं. पान नीट केलं तरी जे मेसेज गेले त्यांच्यावरचं चित्र बदलत नाही, म्हणाली. ते पाठवतानाच त्याला चिकटून गेलेलं असतं. पुढे ढकललं की तेच चित्र पुढे जातं. म्हणजे बाळकुमात मी जिवंत, आणि पुढे कुठे कुठे मी मरतच चाललेली.

पुढे ढकलणाऱ्यांत माझा भाऊ होता. आंबिवलीला राहतो. वडिलांच्या जमिनीच्या कागदावर माझी सही घेतल्यापासून आमचं बोलणं नाही. त्याने गावच्या ग्रुपवर टाकलेलं, आमची ताई गेली. शेवटी जोडलेले हात. दुपार झाली, तो आला नाही. मुलाला फोनही केला नाही, की कधी काढणार, कुठे नेणार. सख्ख्या बहिणीचं मयत आणि माणूस घरात बसून हात जोडून मोकळा झाला. मीच मुलाच्या मोबाईलवरून फोन लावला. माझा आवाज त्याने ओळखला. मग म्हणाला, "मग असले फोटो कशाला टाकता?"

मी फोन ठेवला. रडले नाही. मसाला कुटून डोळ्यांतलं पाणी कधीच संपलंय.

पुढचा रविवार येईपर्यंत सुनेने पान नव्याने केलं. त्या न दिसणाऱ्या जागी नवीन फोटो लिहिला, वाटीत लाल मसाला, वाटी बरोबर मधोमध, म्हणजे कापलं तरी वाटी राहील. नावाच्या जागी घरगुती आगरी मसाला, बाळकुम. मोठं नाव दिलं तर शेवट कापला जातो, म्हणून तेवढंच. खाली एक ओळ, डंकावर कुटलेला, गेटवर मिळेल. मग स्वतःच्या नंबरवर पाठवून बघितलं, तर फोटोच आला नाही, नुसती अक्षरं. फोटो फार जड होता म्हणे. हलका केला. परत पाठवला, तरी येईना. मोबाईलने पहिलं लक्षात ठेवलेलं. मग लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी दोन अक्षरं जोडली. पान तेच, पण मोबाईलला वाटतं नवीन आहे. तेव्हा वाटी आली. लालभडक, सुंदर.

मी म्हटलं, माझं नाव?

तिने मुलाकडे बघितलं. मुलगा मोबाईलमध्येच बघत होता. म्हणाला, "आई, नाव टाकलं की लोकांना परत तेच आठवणार. आत्ता राहू दे."

माझा फोटो पानावर आहे, हार कापून टाकलेला, एकदम खाली. तिथपर्यंत कुणी बोट सरकवत नाही.

त्या रविवारी ऑर्डरी आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी जास्त आल्या. पाकिटं न्यायला लोक खाली गेटवर यायचे, मी पिशवी घेऊन उभी राहायचे. पहिल्या दोघी-तिघींना मी सांगितलं, माझाच फोटो आलेला तो, मी आहे, मेले नाही. त्या अशा चपापल्या. एकीने सॉरी सॉरी म्हणत गाडी वळवली आणि पाकीट न घेताच गेली. मेलेल्या बाईला हात जोडून झाल्यावर तिच्या हातून मसाला घ्यायचा, अवघड वाटत असेल. मला राग आला नाही. पण पाकीट परत वरती आलं, आणि मुलाने ते डब्यावर ठेवलेलं बघितलं.

भिंत मोकळी होत आली तेव्हाची गोष्ट. एक बाई गाडीतून उतरली, चांगल्या घरची, जुन्या चाळीत यायची तिची सासू. पाकीट नाकाला लावून म्हणाली, सासूबाई ज्यांच्याकडून न्यायच्या त्या आजी गेल्या ना, वाईट वाटलं ऐकून. मग विचारलं, "आता कोण करतं हो? वास अगदी तसाच आहे."

वरती शेवटचा एकच डबा राहिलेला.

"सून करते," मी म्हटलं.

"चांगलं शिकवलं त्यांनी," ती म्हणाली, आणि अजून दोन पाकिटं मागितली. मी ती आणायला वर गेले.