शून्य गाळलेलं उत्तर

मॅट्रिकच्या वर्गात प्रयागनं ऋण संख्येनं भागताना असमानतेचं चिन्ह उलटवलं नव्हतं. "कोष्ट्याची पोर! घरी जाऊन मागावर बस," साळपेकर सर म्हणाले, आणि अख्खा वर्ग खिदळला. तो अपमान तिनं अठरा वर्षं जिवापाड जपला.

१९७८च्या उन्हाळ्यात ती स्वतः गणिताची बाई होती. नागपुरात पेपर तपासनिसांची बैठक भरली होती आणि मुख्य परीक्षक होते साळपेकर सर. त्यांनी फळ्यावर नमुना उत्तर लिहिलं : kx² + ६x + ३ = ० ची मुळं वास्तव आणि भिन्न हवीत, म्हणजे विवेचक ३६ − १२k > ०, म्हणून k < ३.

प्रयाग उठली. मुद्दाम घरच्या बोलीत म्हणाली, "शून्य तिनाहून लहानच आहे न गा, सर?"

एवढ्या मोठ्या माणसाला 'गा'! सभागृहात खसखस पिकली.

"मग k शून्य घ्या. विवेचक छत्तीस आला. आता दोन मुळं काढून दाखवा."

सरांनी लिहिलं, ६x + ३ = ०. उणे अर्धा, एकच मूळ. खडू थांबला.

"हे वर्गसमीकरणच उरलं नाही," ते पुटपुटले. "k शून्य नको, हे राहूनच गेलं."

"मग लिहा न. मोठ्या अक्षरात."

सरांनी लिहिलं. कपाळ पुसत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला गणित कुणी शिकवलं?"

त्यांना ती आठवतही नव्हती. प्रयागनं शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज लावला, "तुम्हीच, सर!"