कोडाकडची उडी

पोलीस बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवायला लागलो तेव्हा मला ज्यांच्या शेजारी बसवलं, ते माझ्यापेक्षा बरेच मोठे होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. गडमुडशिंगीहून मोटरसायकलवर यायचे, डेअरीला दूध घालून. दोघांत एकच स्टँड आणि त्यावर एकच कागद.

नोटेशन मला येत होतं, पण कागदावरची वाट कळत नव्हती. ती अण्णांनी शिकवली. "सूर नंतर बघ. आदी रस्ता बघ की," ते म्हणायचे. जाड रेघेआधी दोन टिंबं दिसली की मागे फिरायचं. शेवटच्या घरांवर, म्हणजे उभ्या रेघांमधल्या जागांवर, एक आणि दोन आकड्यांचे कंस असतील तर पहिल्या वेळी एकचं वाजवून परतायचं, दुसऱ्या वेळी एक सोडून थेट दोनवर जायचं. खाली डी.सी. लिहिलं असलं की पुन्हा अगदी सुरुवातीला. आणि त्या फेरीत गोलातल्या फुलीची खूण आली, की तिथून उडी मारून पानाच्या तळाशी कोडावर. तोच शेवट.

"सगळी एकदम उडी मारत्यात म्हणून ते गाणं हाय," ते म्हणाले होते. "एकजण जरी मागं ऱ्हायला तर नुसता गोंगाट."

काही वर्षांनी तेच मागे राहायला लागले. जुन्या मार्चेसमध्ये काही कळायचं नाही, ती सगळी त्यांना पाठ होती. नवा कागद आला की मात्र मागे फिरायच्या जागी ते दोन-तीन घरं गप्प बसत आणि मग आमच्यात मिसळत. त्यांनी लाल पेनाने खुणा मोठ्या करून घेतल्या. एक दिवस तालमीआधी हळूच म्हणाले, "उडीच्या आदी जरा कोपर लाव मला. चष्म्याचा नंबर वाढलाय."

मी कोपर लावत राहिलो. चष्माच असेल असं मलाही वाटलं.

त्या वर्षी कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्या शिपायांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. त्यासाठी बँडमास्तरांनी नवा संथ मार्च बसवला. मैदानावर आम्ही उभे राहून वाजवतो. स्टँड नसतो, वाद्याच्या चिमट्यात छोटा कागद. आदल्या दिवशी रांगा बदलल्या आणि अण्णा पुढच्या रांगेत गेले. माझं कोपर तिथे पोचत नव्हतं.

पुढे खुर्च्यांवर त्या शिपायांच्या घरची माणसं बसली होती. पहिला भाग झाला, रिपीट झाला, मधला भाग झाला. डी.सी. घेऊन आम्ही सुरुवातीला गेलो, अण्णाही आले. मग फुलीची खूण आली आणि सगळा बँड कोडावर गेला. अण्णा गेले नाहीत. ते सरळ दोन नंबरच्या कंसात शिरले आणि तिथून मधल्या भागात. आमचे शेवटचे सूर थांबले तरी एकटं क्लॅरिनेट चाललेलं होतं. मग तेही मधेच तुटलं. खुर्च्यांतल्या एका बाईनं मान वर करून पाहिलं. कुणी हललं नाही.

तालमीच्या हॉलवर परत आल्यावर मास्तर ओरडले नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, "काय झालं, अण्णा?"

"दिसत न्हाई, साहेब."

"कागद दिसत नाही?"

"समोरचं ठसठशीत दिसतंय. बाजूचं काय न्हाई. नळीतनं बघितल्यागत. खाली कोडा कुठं हाय ते हुडकूस्तर तुमी पार गेलेला असता."

दवाखान्यात मीच घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, आहे तेवढी औषधानं धरून ठेवू. बाहेर आल्यावर अण्णांनी मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे बसले.

पुढे त्यांना वाद्यांच्या खोलीत काम दिलं. तालीम चालू असताना ते दार ओढून घ्यायचे.

अण्णा निवृत्त झाल्यावर एकदा मी नवा मार्च घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, मी वाजवतो, तुम्ही पाठ करा. पहिला भाग त्यांना दोनदा ऐकून आला, दोन्ही शेवटांसकट. मधला भाग सुरू केला आणि त्यांनी हात वर केला.

"थांब. पाठ करून वाजवू कुठं मी?"

वहिनींनी चहा आणला. अण्णांनी कपासाठी हात पुढे केला तो जरा बाजूला गेला. वहिनींनी कप त्यांच्या बोटांशी नेला. मी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवले. त्यानंतर मी जायचो, पण वाद्य न घेता. म्हशींचं, पावसाचं बोलायचो, आणि तेही लवकर संपायचं.